गीझर निर्दोष होता

पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे तरी एकाच तक्रारीचे असतात. ‘ईएलसीबी पडतोय, वर करून राहत नाही, काहीतरी करा.’ रत्नागिरी जिल्ह्यात वायरिंगची कामं करताना वीसेक पावसाळे गेले, पण या तक्रारीचा प्रकार बदलला नाही. माणूस फोन करतो रात्री, पाऊस कोसळत असताना. मी पोचतो दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन पडलेलं असताना. तोवर खटका वर केला की मुकाट राहतो, घरातलं सगळं चालतं, आणि घरचे लोक ओशाळून म्हणतात, आत्ता तर काहीच होत नाहीये. दोष गेलेला नसतो. तो फक्त वाळलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत एका निवृत्त शिक्षिका काकूंच्या घरी गेलो होतो. चिऱ्याचं जुनं घर, मागे पडवी, पडवीपलीकडे विहीर. काकू एकट्या राहतात. जून लागल्यापासून त्यांच्याकडचा ईएलसीबी दर दोन-चार दिवसांनी पडत होता. आधीच्या वायरमनने नवा बसवून दिला, तरी पडला. मग गीझर लावला की पडतो असं लक्षात आलं, म्हणून गीझरची कॉइल बदलली. तरी पडला. तिसऱ्या माणसाने सांगितलं, ‘काकू, हे यंत्रच काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो, त्रास संपेल.’ काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. ‘अरे, ते पडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय ना? ते काय सांगतंय ते मला शोधून दे,’ असं त्या मला म्हणाल्या.

ते काय सांगतं, ते आधी बघू. आपण बोलताना ईएलसीबी म्हणतो, कारण जुन्या काळी तशी यंत्रं होती आणि नाव तोंडात बसलं. आज डीबीत जे बसवलेलं असतं त्यावर आरसीसीबी असं छापलेलं असतं. एमसीबी आणि हे, दोन्ही दिसायला सारखे खटके, पण कामं निराळी. एमसीबी बघतो की तारेतून प्रमाणाबाहेर करंट जातोय का. आरसीसीबीला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या पोटात एक कडं असतं आणि घराला येणारी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. फेजने जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, तर दोघांचा परिणाम एकमेकांना मारतो आणि कडं शांत राहतं. आत गेलेल्यापैकी थोडासा जरी दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला, तर परतीचा हिशोब जुळत नाही. तो फरक कड्यावरच्या बारीक गुंडाळीत जाणवतो आणि खटका पडतो. कुठे गळतंय, किती लांब गळतंय, यातलं त्याला काहीही कळत नाही. त्याला एवढंच कळतं की गेलेलं सगळं परत आलं नाही.

घरगुती आरसीसीबीवर ३० एमए लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलिअँपिअर. हा आकडा माणसाच्या शरीरावरून आलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं केली होती. हाताच्या स्नायूंना करंटने पकडल्यावर माणूस आपणहून तार सोडू शकतो, ती मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास येते. त्याच्या वर हात सुटत नाही, आणि आणखी वर, करंट थोडा वेळ टिकला तर, हृदयाचा ठोका विस्कटतो. याच डॅल्झिएल यांनी १९६१ साली अमेरिकेतलं असं संरक्षक यंत्र तयार केलं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी शॉक लागूच देत नाही असं नाही. झटका बसतो, पण तो जीव घेण्याइतका वेळ टिकत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तो ३० ला पडलाच पाहिजे, पण १५ च्या वर कधीही पडला तरी तो बिघडलेला नसतो. त्यामुळे काकूंच्या घरी यंत्र बदलून काही फरक पडला नाही.

आता पावसाचं. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळायला वाटेत साधारण पंधरा हजार ओहमचा अडथळा पुरतो. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम, हा किमान मानला जातो, आणि प्रत्यक्षात नव्या वायरिंगला त्याच्या कितीतरी पट मिळतो. एक मेगाओहमला गळती पाव मिलिअँपिअरही होत नाही. दहा लाखांवरून पंधरा हजारांवर यायला तार तुटावी लागत नाही. जोडावर ओली धूळ बसली तरी पुरते. पावसाचं नुसतं पाणी फारसं वाहक नसतं. पण ते भिंतीतून उतरताना चुना-सिमेंटचे क्षार बरोबर घेतं, बॉक्समधल्या धुळीत मिसळतं, आणि आमच्याकडे तर खाऱ्या वाऱ्याने प्रत्येक पितळी स्क्रूवर मिठाचा पापुद्रा आधीच चढवून ठेवलेला असतो. उन्हाळ्यात तो पापुद्रा निरुपद्रवी असतो. हवेतला दमटपणा वाढला की तेच मीठ पाणी ओढून घेतं आणि त्यातून करंट जायला लागतो.

त्यात आमचा चिरा सच्छिद्र. वाऱ्याकडची भिंत झडीने दिवसभर पाणी पिते आणि ते पाणी आत बॉक्सपर्यंत पोचायला सहा-आठ तास लागतात. स्लॅबमध्ये पुरलेल्या पाइपांचीही तीच गत. गच्चीला एखादी बारीक चीर असली की पाणी पाइपात शिरतं आणि सगळ्यात खालच्या बॉक्समध्ये येऊन साचतं. म्हणून खटका पाऊस पडतानाच पडेल असं नाही. पाऊस संध्याकाळी पडतो आणि खटका पहाटे.

काकूंनी हे नकळत नोंदवून ठेवलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात दुधाचा हिशोब, आणि काही चौकोनांत कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘लाइट ६.१०’, ‘लाइट ५.५५’ असं लिहिलेलं. मी त्यांना विचारलं, या दिवसांच्या आदल्या रात्री पाऊस होता का? त्यांनी आठवून सांगितलं, रात्री मागल्या बाजूने झड आली की सकाळी गेलीच. दोन दिवस उघडीप असली की गीझर बिनतक्रार चालला. त्या कॅलेंडरने मला मागची भिंत दाखवली, पण तेव्हा मला ते पुरतं कळलं नाही.

शोध नेहमीच्या रीतीने सुरू केला. ही रीत घरातल्या कुणालाही करता येते आणि ती करून ठेवली तर वायरमनचा अर्धा दिवस वाचतो. घरातली प्रत्येक पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण आपला स्विच फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल व अर्थ उपकरणाला जोडलेलेच राहतात. मग डीबीतले सगळे एमसीबी खाली करायचे आणि आरसीसीबी वर करायचा. तो राहिला, तर एमसीबी एकेक करून वर करायचे, प्रत्येक वेळी थोडं थांबून. ज्याच्याबरोबर खटका पडेल त्या लाइनवर दोष. मग त्याच लाइनवरचे स्विच एकेक लावून बघायचे. फाटकावरच्या दिव्याचा स्विच दाबला आणि लगेच पडला, तर होल्डरमध्ये पाणी गेलंय हे शंभरातल्या नव्वद वेळा खरं ठरतं. स्विच न लावताच पडत असेल, तर गळती स्विचच्या अलीकडे, म्हणजे बॉक्समध्ये किंवा पाइपात. पिना काढून ठेवल्यावर खटका पडायचाच थांबला, तर उपकरणं एकेक लावून बघायची. हे सगळं हात आणि पाय कोरडे असताना, चप्पल घालून, आणि डीबीचं झाकण न उघडता. आरसीसीबी पडलेला असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या स्क्रूवर मीटरकडून आलेला २३० व्होल्ट जिवंतच असतो.

फेजची गळती या रीतीने सापडते. काकूंच्या घरी मी सकाळी सातला पोचलो, मुद्दाम रात्री पाऊस झालेला दिवस बघून. पिना काढल्या, एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला. राहिला. एकेक एमसीबी वर केला. दिवे, पंखे, स्वयंपाकघर, मागची बाजू, सगळे वर गेले. गीझरचा वर केला आणि गीझर चालू केला. दोन सेकंदांत खट्. माझ्या आधी आलेल्या माणसालाही नेमकं हेच दिसलं असणार आणि त्याने कॉइल बदलली, यात त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही. गीझरच्या कॉइलवर पहिला संशय येणं रास्तच. तिच्या आत जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल ओढून घेते आणि नळीला चीर गेली की गळती सुरू होते. पण ही कॉइल नवी होती. मी गीझरच्या तारा सोडवून मेगर लावला. पन्नास मेगाओहमच्या वर काटा. गीझर स्वच्छ होता.

मग एक साधा प्रयोग केला. गीझर तारांपासून मोकळाच ठेवला आणि स्वयंपाकघराच्या सॉकेटवर इस्त्री आणि पाण्याची किटली एकदम लावली. दोन्ही मिळून गीझरएवढाच भार. खट्. आता गीझर नव्हता, त्याची लाइन नव्हती, तरी खटका पडला. म्हणजे खटका गीझरमुळे पडत नव्हता. घरात कुठेही जड भार आला की पडत होता. हे लक्षण ज्याने एकदा ओळखलं तो पुन्हा फसत नाही. न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, असा याचा अर्थ.

न्यूट्रलला हात लावला तर शॉक लागत नाही, टेस्टर पेटत नाही, म्हणून तो शून्य व्होल्टवर असतो असं आपण धरून चालतो. ट्रान्सफॉर्मरपाशी तो खरोखर जमिनीला जोडलेला असतो. पण तिथून आपल्या घरापर्यंत येणाऱ्या तारेलाही थोडा रोध असतो, आणि त्या तारेतून परतीचा करंट वाहतो तेव्हा आपल्या टोकाला न्यूट्रल जमिनीपेक्षा काही व्होल्ट वर उचलला जातो. गावच्या टोकाला, शेवटच्या खांबावर घर असेल तर हे जास्त. काकूंच्या घरी मीटर लावून बघितलं. घरात काही चालू नसताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ४ व्होल्ट, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वापरामुळे. दोन किलोवॅटचा भार लावला, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, की तेच ९ व्होल्ट व्हायचे. खटका पडण्याआधीच्या दोन सेकंदांत मीटरवर तो आकडा दिसायचा.

आता समजा आरसीसीबीच्या पुढे घरात कुठेतरी न्यूट्रलची तार ओल्या बॉक्समधून अर्थला ४०० ओहमने जोडली गेली आहे. ४ व्होल्टला त्यातून १० मिलिअँपिअर जमिनीत जातात. आरसीसीबी ते सोसतो. गीझर लावला, ९ व्होल्ट झाले, की २२ मिलिअँपिअर जातात आणि खटका पडतो. गीझरच्या करंटपैकी हे २२ मिलिअँपिअर न्यूट्रलने आरसीसीबीतून परत येण्याऐवजी मागच्या दाराने निघून गेलेले असतात. भिंत वाळली की ४०० चे हजारो ओहम होतात आणि गीझर पुन्हा निर्दोष दिसतो.

एमसीबी खाली करून हे सापडत का नाही, त्याचं कारण आपल्या डीबीच्या बांधणीत आहे. आपल्याकडे घरात बहुतेक एमसीबी एका खांबाचे, म्हणजे फक्त फेज तोडणारे. सगळ्या लाइनींचे न्यूट्रल मात्र एका पितळी पट्टीवर, न्यूट्रल लिंकवर, कायमचे एकत्र बांधलेले. मागच्या बाजूचा एमसीबी खाली केला तरी मागच्या बाजूचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच आणि त्याची गळती चालूच. म्हणून सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल, तर यंत्र खराब असं ठरवण्याआधी न्यूट्रल तपासायचा. यंत्राचा संशय दूर करायला त्याच्या खालच्या बाजूच्या दोन्ही तारा काढून ते वर करून बघायचं. एकटं राहिलं तर त्याला दोष देऊ नये. पण इथून पुढचं काम डीबी उघडून करायचं आहे आणि ते परवाना असलेल्या वायरमनचंच. घरच्यांनी त्याला फक्त एवढं सांगावं की न्यूट्रल सोडवून तपासा. सांगितलं नाही तर पुष्कळदा तो तपासलाच जात नाही.

मी मेन बंद केला, आरसीसीबीच्या खाली काहीही जिवंत नाही याची खात्री केली आणि पट्टीवरचे न्यूट्रल एकेक करून सोडवले. आठ तारा, सगळ्या काळ्या, एकीवरही क्रमांक नाही. डीबी बसवणाऱ्याने पट्टीवर तारा आवळताना पाच मिनिटं जास्त घेतली असती तर माझा तास वाचला असता. प्रत्येक तारेला मी कागदी चिकटपट्टी लावून आकडा लिहिला आणि मग साधा मल्टिमीटर ओहमवर लावून एकेक तार अर्थशी तपासली. सात तारांना मीटर काहीच दाखवेना, म्हणजे त्याच्या आवाक्याबाहेरचा रोध, जसा हवा तसा. सहाव्या तारेला आकडा आला. तीनशे नव्वद, चारशे दहा, तीनशे ऐंशी. आकडा नाचत होता. मीटरची टोकं उलटी धरली तर आणखी वेगळा. कोरड्या तारेचा रोध असा नाचत नाही. ओला जोड असला की तांबं, जस्त आणि खारं पाणी मिळून एक क्षीण बॅटरीच तयार होते आणि ती मीटरला चकवते. नाचणारा आकडा दिसला की मला हायसं वाटतं, कारण आता तार तुटलेली नाही, खिळा घुसलेला नाही, ओल शोधायची आहे हे नक्की होतं.

साधा मल्टिमीटर इथे पुरला, कारण गळती मोठी होती. पण तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि फेजची बारीक गळती, जी २३० व्होल्टलाच जागी होते, त्याला दिसत नाही. तिथे मेगर लागतो, जो ५०० व्होल्टचा दाब देऊन तपासतो. मेगर लावण्याआधी त्या लाइनवरचे एलईडी दिवे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, बेल, सर्ज रोखणारं यंत्र असेल तर ते, सगळं सोडवावं लागतं. नाहीतर ते जळतं किंवा खोटा आकडा दाखवतं. मिलिअँपिअर मोजणारा लीकेज क्लॅम्प असेल तर आणखी सोपं. एका लाइनची फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळून त्याच्या जबड्यात धरायच्या, म्हणजे लाइन चालू असतानाच तिची गळती वाचता येते. एकच तार धरली तर सगळा भार दिसतो आणि गळती त्यात हरवते. बाजारातला नेहमीचा क्लॅम्प मीटर या कामाला चालत नाही, त्याला इतका बारीक करंट दिसतच नाही.

सहावी तार मागच्या बाजूची होती. पडवीतला दिवा, मागल्या दारचा दिवा आणि विहिरीवरचा पंप या एकाच लाइनवर. ती तार पट्टीवरून सोडलेली ठेवली, तिचा एमसीबी खाली करून त्यावर चिकटपट्टी मारली, बाकी सगळं जोडलं आणि गीझर लावला. अर्धा तास चालला. काकूंनी महिन्याभरात पहिल्यांदा पावसाच्या सकाळी गरम पाण्याने अंघोळ केली. तोवर मी मागच्या अंगणात गेलो.

इतक्या लांबीच्या लाइनवर जोड कुठे आहे ते शोधायला आम्ही लाइन मधोमध तोडतो. पडवीच्या बॉक्समध्ये पुढे जाणारी तार सोडवली आणि दोन्ही बाजू तपासल्या. घराकडची बाजू स्वच्छ, विहिरीकडची चारशे ओहम. पंपाचा स्विचबॉक्स उघडून पंप सोडवला, तरी चारशे. म्हणजे पंपही सुटला. राहिला मधला तुकडा, आणि त्या तुकड्यात एकच बॉक्स होता, मागल्या दाराच्या डोक्यावर, नैर्ऋत्येच्या झडीच्या समोर. त्याच्या झाकणावरून दोन चुन्यांचे थर गेले होते. सुरीने कापून झाकण काढलं तेव्हा आतून गार, कुजकट वास आला. पत्र्याचा बॉक्स, तळाला करंगळीएवढं तपकिरी पाणी, त्यात मुंग्यांच्या वारुळाची माती. तीन न्यूट्रल तारा पिळून जोडलेल्या आणि त्यावर काळी चिकटपट्टी. ती पट्टी सैल होऊन गुळासारखी ओघळलेली, तांब्यावर हिरवा कळंक आणि पांढरी बुरशीसारखी खार. जोड बॉक्सच्या पत्र्याला टेकलेला, आणि पत्र्याला अर्थची तार नीट आवळलेली. ज्याने ती अर्थ दिली त्याने काम चोख केलं होतं. त्या अर्थमुळेच ही गळती आरसीसीबीला दिसली.

फेजचा जोड त्याच बॉक्समध्ये दोन बोटं वर होता आणि अजून कोरडा होता. पाणी आणखी थोडं चढलं असतं तर पत्र्याचा तो बॉक्स आणि त्याभोवतीची ओली भिंत यांच्यात २३० व्होल्ट खेळले असते, आणि त्याच दाराची लोखंडी कडी काकू रोज सकाळी ओल्या हाताने उघडत होत्या. आरसीसीबी काढून ‘डायरेक्ट’ केलेल्या घरात त्याचा परिणाम काय झाला असता, ते मला लिहायचं नाही.

दुरुस्ती तासाभराची. जुना बॉक्स काढून टाकला आणि भिंतीतलं भोक बुजवलं. नवा प्लॅस्टिकचा, रबरी गास्केट असलेला बॉक्स छपराच्या आड, झड पोचत नाही अशा जागी बसवला. तारा त्यात खालून नेल्या आणि बॉक्सच्या आधी तारेला खाली एक झोल दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं, आत जात नाही. वरून तार आणली तर कितीही चांगला बॉक्स दोन पावसाळ्यांत विहीर होतो. जोड पिळून पट्टी मारण्याऐवजी स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घेतले. सगळं झाल्यावर मागच्या लाइनला मेगर लावला. फेज आणि न्यूट्रल मिळून अर्थशी चाळीस मेगाओहम, पावसाळ्यातही.

या कामानंतर काकूंना मी एक खर्च सुचवला आणि त्यांनी तो केला. घराबाहेरची लाइन वेगळ्या आरसीसीबीवर घेतली. अंगणातल्या दिव्याने पुन्हा कधी ओल धरली तर फक्त अंगण अंधारात जाईल, फ्रिज आणि गीझर चालू राहील. हे करताना त्या लाइनचा न्यूट्रलही त्याच नव्या आरसीसीबीतून आणि वेगळ्या पट्टीवरून यायला हवा. फेज एकाची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा झाला तर दोन्ही खटके पाऊस असो-नसो पडत राहतात. इन्व्हर्टर बसवलेल्या घरांत ही सरमिसळ मी फार पाहतो. त्यामुळे तुमच्याकडचा खटका उन्हाळ्यातही पडत असेल, तर ओल शोधण्याआधी इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठे जोडलाय ते बघायला सांगा.

खटका पडायचा थांबावा म्हणून लोक आणखी दोन गोष्टी करतात आणि त्या मला काढून टाकण्याइतक्याच घातक वाटतात. एक म्हणजे ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं. तो आगीपासून थोडंफार वाचवतो, माणसाला वाचवायला तो नाही. दुसरी म्हणजे उपकरणाची किंवा बॉक्सची अर्थ तोडणं. अर्थ तुटली की गळतीला वाट राहत नाही, खटका पडायचा थांबतो, आणि पत्रा गुपचूप जिवंत होऊन बसतो. मग गळतीला जमिनीची वाट मिळते ती पहिल्या हात लावणाऱ्या माणसातून. ओल्या भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा हेच झालेलं असतं, आणि तिथे मेन बंद करून वायरमनला बोलावण्यापलीकडे दुसरं काही करू नये.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की खटका पडायला हवा. पडला नाही तर ते यंत्र बदला. बटण यंत्राची तपासणी करतं, घराच्या अर्थिंगची नाही, एवढं लक्षात असू द्या. काकू दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबतात आणि दुधाच्या हिशोबाशेजारी बरोबरची खूण करतात.

तुमच्या डीबीतल्या न्यूट्रलच्या तारांवर क्रमांक आहेत का, हे पुढच्या वेळी वायरमन कुठल्याही कामाला आला की त्याला बघायला सांगा. नसतील तर त्याच वेळी, प्रत्येक तार ज्या एमसीबीची आहे त्याचाच आकडा तिच्यावर घालून घ्या. आणि मे महिन्यात, पावसाआधी, घराबाहेरचा प्रत्येक बॉक्स एकदा उघडून बघायला लावा.